चेहरे, अक्षरं आणि रंग न हलवता जुना फोटो दुरुस्त करायचा, तर एआयला सूचना कशी लिहावी

समोर १९८४ सालचा लग्नाचा ग्रुप फोटो आहे असं धरू. चार बाय सहा इंची रंगीत प्रिंट, दोन रांगांत चौदा माणसं, मागे निळा पडदा आणि त्यावर थर्माकोलची अक्षरं: वर ‘शुभविवाह’, खाली ‘सुनंदा – वसंत’. डाव्या बाजूला फोटो उभा दुमडला गेला आहे आणि घडीवरचा थर निघून पांढरी रेघ पडली आहे. पडद्यावर बुरशीचे पांढुरके ठिपके आहेत. सगळा फोटो लालसर झाला आहे. घडी जावी, बुरशी जावी, लाली उतरावी, एवढंच हवं आहे. माणसं, अक्षरं आणि शालूचा रंग यांना धक्का लागायला नको.

हाच फोटो शेवटपर्यंत घेऊन चालू. यात फसण्याच्या जवळजवळ सगळ्या जागा आहेत.

## मॉडेल नेमकं काय करतं

जेमिनाय, चॅटजीपीटी, फ्लक्स कॉन्टेक्स्ट, क्वेन इमेज एडिट ही सूचना वाचून फोटो बदलणारी मॉडेलं आहेत. फोटोच्या दुकानातला माणूस डाग असेल तिथेच ब्रश फिरवतो, बाकी फोटोला हात लावत नाही. ही मॉडेलं तसं करत नाहीत. ती मूळ फोटो बघतात आणि त्याच्यासारखा दुसरा फोटो या कडेपासून त्या कडेपर्यंत नव्याने तयार करतात. न सांगितलेला भागसुद्धा नव्यानेच काढलेला असतो. तो मूळासारखा दिसतो, पण मूळ नसतो.

मोठा पडदा किंवा जमीन नव्याने काढली तर काही बिघडत नाही. चेहरा आणि अक्षर मात्र लहान जागेत बारीक तपशील धरून असतात, आणि तिथेच गडबड होते. हिशोब करून बघा. ही प्रिंट ६०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ६०० पिक्सेल धरून, स्कॅन केली तर ३६०० बाय २४०० पिक्सेल मिळतात. फोटोत एक सेंटिमीटर रुंद असलेला चेहरा त्यात साधारण २३६ पिक्सेल रुंद येतो. पण पूर्ण फोटो मॉडेलला दिला आणि ते १५३६ बाय १०२४ आकाराचं चित्र परत देणारं असेल, तर त्या चेहऱ्याच्या वाट्याला जेमतेम १०० पिक्सेल उरतात. स्टेबल डिफ्यूजन, फ्लक्स यांच्या जातीची मॉडेलं काम करण्याआधी चित्र आवळतात आणि ८ बाय ८ पिक्सेलचा एक चौकोन एका घरात बसवतात. म्हणजे तो चेहरा आडवा मोजला तर बारा-तेरा घरांत आला. डोळा चेहऱ्याच्या पाचव्या हिश्शाएवढा धरला तर त्याला दोन-तीन घरं मिळाली. पापणीचा कोपरा, भुवयांमधलं अंतर, ओठांची मुरड हे एवढ्या जागेत मावत नाही. मग मॉडेल ते स्वतःच्या अंदाजाने भरतं, आणि तो अंदाज त्याने शिकताना पाहिलेल्या असंख्य चेहऱ्यांवरून आलेला असतो.

हा अंदाज किती दूर जाऊ शकतो ते २०२० मध्ये जगाने पाहिलं. ड्यूक विद्यापीठाच्या ‘पल्स’ या प्रयोगात बराक ओबामांचा ठोकळेदार, धूसर फोटो घातला तेव्हा स्पष्ट चेहरा एका गोऱ्या माणसाचा बाहेर आला. धूसर फोटोतून निघू शकणारे स्पष्ट चेहरे अनेक असतात आणि प्रोग्राम त्यातला स्वतःच्या सवयीचा एक निवडतो. आजची मॉडेलं खूप पुढे गेली आहेत, पण पिक्सेल कमी पडले की तीही हेच करतात.

यावरून कामाची दिशा ठरते. सूचना नेमकी लिहायची. मॉडेलला कमीत कमी भाग द्यायचा. आणि जे अक्षरशः तेच राहायला हवं ते शेवटी मूळ स्कॅनमधूनच परत आणायचं. यातली एक गोष्ट सोडली तर उरलेल्या दोन पुऱ्या पडत नाहीत.

## पायरी १: स्कॅन आणि रंग मॉडेलच्या आधी

प्रिंटचा मोबाइलवर फोटो काढू नका. दिव्याची चमक घडीच्या रेघेत मिसळते आणि मॉडेलला दोन्हींतला फरक कळत नाही. फ्लॅटबेड स्कॅनरवर ६०० डीपीआयला स्कॅन करा आणि पीएनजी किंवा टिफ फाइल ठेवा. ही फाइल व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून फिरवली तर ती लहान आणि दाबलेली होऊन येते, म्हणून पेनड्राइव्ह किंवा ईमेलनेच न्या. रंगाची पद्धत एसआरजीबी असू द्या. दुसरी असेल तर मॉडेल ती बरेचदा विचारातच घेत नाही आणि परत आलेला फोटो फिका दिसतो.

लाली उतरवण्याचं काम मॉडेलला सांगू नका. हे साधं गणिताचं काम आहे आणि साध्या साधनाने जास्त खात्रीने होतं. त्या काळातल्या बऱ्याच रंगीत प्रिंटमधला निळसर-हिरव्या रंगद्रव्याचा थर आधी उडतो आणि म्हणून फोटो लालसर दिसतो. जिम्प किंवा फोटोपी या फुकट मिळणाऱ्या साधनांत `Levels` उघडा, `Red`, `Green`, `Blue` एकेक करून निवडा, आणि प्रत्येकाच्या आलेखात डोंगर जिथे सुरू होतो आणि जिथे संपतो तिथे दोन्ही टोकांचे त्रिकोण आणून ठेवा. एवढ्याने बरीचशी लाली जाते.

उरलेलं जुळवताना चेहऱ्यावरून अंदाज घेऊ नका. हळद लागलेल्या वधूवरांची त्वचा खरोखरच पिवळसर असते. ती ‘नैसर्गिक’ करायला गेलं की हळद जाते आणि शालूही निळसर पडतो. नवऱ्याची पांढरी टोपी, एखादा पांढरा सदरा अशी जागा पकडा आणि ती पांढरी दिसेपर्यंत जुळवा.

समाधान झालं की ही फाइल वेगळ्या नावाने ठेवा. यापुढे आपला ‘मूळ फोटो’ म्हणजे ही फाइल.

## पायरी २: फोटोत काय आहे त्याची यादी

ही पायरी लोक टाळतात आणि तिथेच फसतात. फोटो शंभर टक्के आकारात उघडा आणि डाव्या कोपऱ्यापासून सुरुवात करून, मॉडेलला डाग वाटेल पण जो डाग नाही, असं सगळं कागदावर लिहा.

आपल्या फोटोत हे बरंच निघतं. नवरीच्या कपाळावरचं कुंकू. आजीच्या हनुवटीवरचं गोंदण. काकांच्या गालावरचा तीळ. वधूवरांच्या केसांत आणि खांद्यांवर पडलेल्या अक्षता, ज्या बुरशीच्या ठिपक्यांएवढ्याच आणि तशाच रंगाच्या आहेत. मुंडावळ्यांचे मोती. नथ. आणि सगळ्यात फसवी गोष्ट, ‘वसंत’मधल्या ‘सं’वरचा अनुस्वार. अर्ध्या मिलिमीटरचा तो ठिपका पूर्ण फोटो दिला तर मॉडेलच्या एका घरातही पुरता भरत नाही. ‘ठिपके काढ’ म्हटलं की अनुस्वार जातो आणि पडद्यावर ‘वसत’ उरतं. कोणाच्या लक्षातही येत नाही.

मुंडावळ्यांचं उलट होतं. ज्या मॉडेलने त्या फारशा पाहिलेल्या नाहीत ते त्यांची केसांची बट करतं, नाहीतर कपाळावरचा दागिना करून टाकतं. नथ नाकपुडीच्या सावलीत विरघळते. म्हणून या वस्तू नावाने आणि जागेसह लिहायच्या. नुसतं ‘दागिने’ लिहून भागत नाही.

## पायरी ३: पूर्ण फोटो देऊ नका, तुकडा द्या

घडी डावीकडे आहे. मग उजवीकडची नऊ-दहा माणसं मॉडेलकडे पाठवायचं कारणच काय? घडीच्या दोन्ही बाजूंना जागा ठेवून १०२४ पिक्सेल रुंद आणि १५३६ पिक्सेल उंच तुकडा कापा. फोटोची उंची २४०० असल्याने असे दोन तुकडे लागतील: एक वरून ० ते १५३६, दुसरा ८६४ ते २४००. मधला ६७२ पिक्सेलचा पट्टा दोन्हींत येतो. जोड लपवायला तो उपयोगी पडतो. प्रत्येक तुकडा वरून आणि डावीकडून किती पिक्सेलवर कापला ते आकडे लिहून ठेवा, परत बसवताना लागतील.

याचा फायदा लगेच कळतो. आता चेहरा मूळ आकारातच, म्हणजे २३६ पिक्सेल रुंद, मॉडेलसमोर जातो आणि बारा-तेराऐवजी एकोणतीसेक घरं व्यापतो. डोळा डोळ्यासारखा राहण्याची शक्यता कितीतरी वाढते.

तुकडा कापताना तो थोडा डावीकडे सरकवून ‘शुभविवाह’चा ‘शु’ चौकटीबाहेर राहतो का ते बघा. अक्षर मॉडेलला दिसलंच नाही तर ते बिघडायचा प्रश्नच येत नाही. अक्षरांच्या आसपासचे बुरशीचे ठिपके हाताने, शेजारच्या भागावरून डाग भरणाऱ्या जिम्पच्या `Heal` साधनाने काढा. दहा मिनिटांचं काम आहे आणि त्यात अनुस्वार कुठला आणि बुरशी कुठली हे तुम्ही ठरवता.

## पायरी ४: सूचना

आधी सहज सुचते ती सूचना बघू.

```
हा जुना फोटो HD करा, स्पष्ट आणि सुंदर करा.
चेहरे बदलू नका.
```

यातला प्रत्येक शब्द काहीतरी बिघडवतो. ‘एचडी’ आणि ‘स्पष्ट’ म्हटल्यावर मॉडेलला नसलेला तपशील घालावा लागतो, आणि तो ते सगळ्यात आधी चेहऱ्यांतच घालतं. ‘सुंदर’ म्हटलं की त्वचा गुळगुळीत होते, रंग उजळतो, डोळे मोठे होतात, सुरकुत्या जातात. आजी पंचेचाळिशीची दिसू लागते. ‘जुना फोटो’ म्हटल्यावर नवा करायची ओढ लागते आणि रंग भडकतात. एवढं सगळं मागून शेवटी ‘चेहरे बदलू नका’ म्हणायचं, म्हणजे वरच्या ओळीने जे मागितलं तेच खालच्या ओळीने नाकारायचं. त्या ओढाताणीत मागणीच बहुधा जिंकते. शिवाय ‘बदलू नका’ यातून काय जपायचं ते कळत नाही. चेहऱ्याचा आकार, भाव, सुरकुत्या की त्वचेचा रंग?

तोच तुकडा देऊन ही सूचना लिहा:

```
या फोटोत फक्त दोन गोष्टी दुरुस्त करा.
1. मधोमध वरून खाली गेलेली पांढरी घडीची रेघ भरा.
2. मागच्या निळ्या पडद्यावरचे पांढुरके बुरशीचे ठिपके काढा.
दोन्ही ठिकाणी अगदी शेजारच्या भागाचा रंग, पोत आणि
फोटोचा दाणा वापरा.

चेहरे मूळ फोटोत आहेत तसेच ठेवा: डोळ्यांचा आकार, नजर,
भुवया, ओठ, सुरकुत्या, तीळ, त्वचेचा रंग, भाव.
चेहरा धूसर असेल तर धूसरच ठेवा.
कपाळावरचं कुंकू, हनुवटीवरचं गोंदण, नथ, कपाळावरून
कानांजवळ सोडलेल्या मोत्यांच्या मुंडावळ्या, केसांतले आणि
खांद्यांवरचे तांदळाचे दाणे हे डाग नाहीत, ते ठेवा.
उजेड, कॉन्ट्रास्ट आणि सगळे रंग मूळ फोटोप्रमाणे ठेवा.
चौकट, आकार आणि माणसांच्या जागा त्याच ठेवा.
```

ही सूचना लांब आहे, पण पसरट नाही. पहिल्या ओळीतला ‘फक्त’ आणि पाठोपाठ मोजलेली दोन कामं यांनी कामाची हद्द ठरते. प्रत्येक कामाला जागा दिली आहे: ‘मधोमध वरून खाली’, ‘निळ्या पडद्यावरचे’. नुसतं ‘ठिपके काढा’ असतं तर अक्षता गेल्या असत्या. त्यानंतर भरायचं कशाने ते सांगितलं आहे. ते न सांगितल्यास घडीच्या जागी गुळगुळीत, प्लास्टिकसारखा पट्टा येतो, कारण जुन्या प्रिंटचा दाणा, म्हणजे त्यातला बारीक खरखरीतपणा, मॉडेल सहसा स्वतःहून काढत नाही.

चेहऱ्यांच्या ओळीत ‘बदलू नका’ऐवजी ‘ठेवा’ आहे आणि काय ठेवायचं ते अवयवांनुसार आहे. ‘चेहरा धूसर असेल तर धूसरच ठेवा’ या एका वाक्याचा उपयोग सगळ्यात जास्त होतो. मागच्या रांगेतला थोडा हललेला चेहरा मॉडेलला सुधारण्याजोगा वाटतो. तो धूसर राहिलेला चालेल हे स्पष्ट सांगितलं की ते तिकडे सहसा वळत नाही.

‘अक्षता’ऐवजी ‘तांदळाचे दाणे’ लिहिलं आहे, मुंडावळ्यांचंही दोन शब्दांत वर्णन दिलं आहे. नाव मॉडेलला माहीत नसेल तरी वर्णनावरून वस्तू सापडते. शेवटची चौकटीची ओळ विसरू नका. तिच्यावाचून मॉडेल फोटो किंचित झूम करतं किंवा कडा कापतं, आणि मग तुकडा परत मूळ जागी बसत नाही.

सूचनेत कुठल्याही कपड्याच्या रंगाचं नाव नाही, हेही मुद्दाम. ‘शालू डाळिंबी ठेवा’ लिहिलं तर मॉडेल त्याला ठाऊक असलेला डाळिंबी घालतं, तुमच्या फोटोतला नाही. रंगाचं नाव फक्त जागा दाखवायला वापरावं, जसं ‘निळ्या पडद्यावरचे’. रंगाचे आकडी कोड देऊनही भरवशाचा परिणाम येत नाही.

जेमिनाय आणि चॅटजीपीटीला मराठी सूचना समजते. फ्लक्स कॉन्टेक्स्टसारख्या मॉडेलांना इंग्रजीच द्यावी:

```
Fill only the white vertical crease and the pale mould spots
on the curtain, using the colour, texture and grain right
beside them. Keep every face, kumkum mark, tattoo, nose ring,
rice grain and colour exactly as in the input.
Leave blurred faces blurred. Same framing, same size.
```

स्वतःच्या प्रोग्राममधून ओपनएआयचं `gpt-image-1` हे मॉडेल वापरत असाल तर `input_fidelity` ला `high` द्या. मूळ चेहरा जास्त नेटाने धरला जातो. त्यासोबत बदलायची जागा दाखवणारा मास्क देता येतो, पण तिथे मास्क म्हणजे कुंपण नव्हे. मॉडेल त्याकडे इशारा म्हणून बघतं आणि कधी कधी बाहेरही हात मारतं. म्हणून पुढची तपासणी मास्क दिला तरी करायचीच.

अक्षरं टाळता येत नसतील, म्हणजे घडीच नेमकी ‘शुभविवाह’वरून गेली असेल, तर मजकूर अवतरणचिन्हांत लिहा: मागच्या पडद्यावर "शुभविवाह" हा शब्द आहे, त्याची अक्षरं आणि वळण तसंच ठेवा. परत आल्यावर ‘भ’चा ‘म’ झाला का, जोडाक्षर तुटलं का, वेलांटी दुसरीकडे गेली का, रफार गळला का ते बघा. देवनागरीत या चुका हमखास दिसतात. जो मजकूर तुम्हालाच वाचता येत नाही तो वाचनीय करायला कधीही सांगू नका. मॉडेल तिथे वाचता येईल असं काहीतरी लिहील, पण ते मूळचं नसेल.

## पायरी ५: परत आलेला फोटो तपासणं

डोळ्यांवर विसंबू नका. नव्याने काढलेला चेहरा इतका सफाईदार असतो की एकटा बघितला तर खराच वाटतो.

जिम्पमध्ये मूळ तुकडा खाली आणि परत आलेला तुकडा त्याच्या वर थर म्हणून ठेवा. आकार वेगळा आला असेल तर आधी १०२४ बाय १५३६ करून घ्या. आता वरच्या थराचा मोड `Difference` करा. जिथे दोन्ही सारखे तिथे काळं दिसेल, जिथे फरक तिथे उजळ. घडीची रेघ आणि बुरशीचे ठिपके उजळ दिसायला हवेत, बाकी सगळीकडे जवळपास काळं. अगदी मंद करडी धूळ सगळीकडे असेलच, कारण सगळं चित्र नव्याने काढलेलं आहे. तिची काळजी नको.

हे चित्र वाचायला शिका. सगळ्या वस्तूंना एकसारखी बारीक उजळ कड दिसत असेल, माणसांना, पडद्याच्या चुण्यांना, खुर्च्यांनाही, तर फोटो एक-दोन पिक्सेल सरकला आहे. वरचा थर बाणाच्या कळीने हलवून जुळवा. चुण्या काळ्या आहेत पण डोळे, ओठ, नाकपुड्या रेखाचित्रासारख्या उजळल्या आहेत, तर चेहरा नव्याने काढला गेला आहे. मोठा भाग एकसारखा करडा किंवा रंगीत झाला असेल, तर रंग हलला आहे.

रंगासाठी आणखी एक पडताळा आहे. जिम्पच्या कलर पिकरमध्ये `Sample average` चालू करा, म्हणजे एका पिक्सेलऐवजी आसपासची सरासरी मिळते. पडदा, शालू आणि पांढरी टोपी यांवर एकेक जागा ठरवा आणि दोन्ही थरांवर लाल, हिरवा, निळा हे तिन्ही आकडे वाचा. तीन-चार अंकांचा फरक नजरेला सहसा जाणवत नाही. तिन्ही ठिकाणी एकाच दिशेने दहा-बारा अंक सरकले असतील तर मॉडेलने फोटोचा एकूण रंगच ओढला आहे.

मग मोड परत `Normal` करा आणि वरच्या थराचं डोळ्याचं चिन्ह बंद-चालू करत एकेक चेहरा बघा. डोळ्यांचे कोपरे, भुवयांमधलं अंतर, ओठ मिटले आहेत की दात दिसतात, कानाची पाळी. शक्य असेल तर त्या माणसांना ओळखणाऱ्या घरातल्या कोणाला तरी काही न सांगता नुसता नवा तुकडा दाखवा आणि कोण कोण आहे विचारा. नाव सांगताना ती व्यक्ती अडखळली तर तो चेहरा वापरू नका.

काही बिघडलं असेल तर त्याच संवादात ‘चेहरा पहिल्यासारखा करा’ असं लिहिण्यात अर्थ नाही. आता मॉडेलसमोर त्याने स्वतः काढलेला चेहरा आहे आणि त्यावर केलेली प्रत्येक पुढची दुरुस्ती मूळापासून आणखी लांब नेते. नवा संवाद उघडा, मूळ तुकडाच परत द्या आणि सूचनेतलं एकच वाक्य बदला. दोन-तीन वाक्यं एकदम बदलली तर कशामुळे फरक पडला ते कळत नाही.

## पायरी ६: हवं तेवढंच घ्या

तपासणीत सगळं चांगलं दिसलं तरी परत आलेला तुकडा पूर्ण वापरू नका. वरच्या थराला काळा `Layer Mask` लावा. त्याने तो थर पूर्ण झाकला जातो. मग मास्कवर मऊ कडेच्या पांढऱ्या ब्रशने फक्त घडीची रेघ आणि बुरशीचे ठिपके रंगवा. ब्रश रेघेच्या रुंदीपेक्षा थोडासाच मोठा ठेवा. आता मॉडेलने काढलेलं फक्त खराब जागी दिसेल. चेहरे, अक्षता, कुंकू, शालू हे सगळं तुमच्या स्कॅनमधलं, जसंच्या तसं.

लावलेल्या जागेच्या कडा दिसल्या तर बहुधा रंग किंचित सरकलेला असतो. फक्त वरच्या थरावर `Levels` उघडून प्रत्येक रंगाचा मधला त्रिकोण थोडा हलवा, कड दिसेनाशी होईपर्यंत. मग लिहून ठेवलेल्या आकड्यांप्रमाणे दोन्ही तुकडे पूर्ण फोटोवर बसवा.

घडी चेहऱ्यावरून गेली असेल तेव्हा मात्र जास्त जपून. गालावरून किंवा कपाळावरून गेली असेल तर तेवढा भाग मॉडेलकडून घेण्याऐवजी `Heal` साधनाने शेजारच्या त्वचेवरून भरा. ती त्वचा त्याच माणसाची असते. डोळ्यावरून किंवा ओठांवरून गेली असेल आणि खालचा थर पूर्ण निघाला असेल, तर तिथली माहिती फोटोत उरलेलीच नाही. मॉडेल जो डोळा देईल तो त्या माणसाचा नसेल. अशा ठिकाणी रेघ दोन्ही बाजूंनी बारीक करून मधली फिकट खूण तशीच ठेवणं बरं. नातवंडांनी कोणाचा तरी डोळा आजोबांचा म्हणून बघण्यापेक्षा खूण दिसलेली चांगली.

याच कारणासाठी सातबारा, जन्मदाखला, जुनं खरेदीखत, गुणपत्रिका अशा कागदांवर हे साधन वापरू नये, सूचना कितीही काटेकोर लिहिली तरी. गट नंबरातला पुसट ३ मॉडेल ठळक ८ करून देऊ शकतं आणि आसपासचा कागद इतका स्वच्छ असतो की शंकाही येत नाही. पुसट शाई वाचायची असेल तर स्कॅन करून `Levels` मध्ये काळा त्रिकोण उजवीकडे सरकवा. तेवढ्याने जे दिसेल तेच त्या कागदावर आहे.